तिरकी रेघ दिसली की ओळ फोडायची

इंटर्नलच्या व्हायवात सरांनी विचारलं, "तिशीतली बाई, पहिल्यांदाच फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूत टीनिया सोलियमची एक गाठ. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मग हे झालं कसं?" मी ठामपणे म्हणाले, "बाहेर कधीतरी पोर्क खाल्लं असेल, सर." सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे बाई खोटं बोलतेय. बरं, पुढचा."

त्या रात्री सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तक्ता उघडून बसले. पॅरासायटॉलॉजीची लाइफ सायकल गोल बाणांच्या आकृत्यांतून माझ्या कधी डोक्यात शिरली नाही, म्हणून आडव्या फूलस्केपवर मी सगळं रकान्यांत मांडलं होतं: होस्ट, इन्फेक्टिव्ह स्टेज, निदान, उपचार. एका परजीवीला एक ओळ. टीनिया सोलियमची ओळ अशी होती: माणूस/डुक्कर, सिस्टिसर्कस/अंडं, स्टूल/एमआरआय, प्राझिक्वान्टेल/अल्बेन्डाझोल. यात खोटं काहीच नव्हतं. पण चार रकान्यांत चार तिरक्या रेघा, आणि कुठल्या डाव्याला कुठलं उजवं जोडायचं हे कागदावर नव्हतंच. मी पहिलं दिसलं ते एमआरआयला जोडून मोकळी झाले.

खरं तर ते दोन आजार आहेत. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून सिस्टिसर्कस, म्हणजे कृमीची अळी, पोटात गेला, तर लहान आतड्यात दोन-तीन मीटरचा पट्टकृमी वाढतो. इथे माणूस डेफिनिटिव्ह होस्ट. पण अंडं पोटात गेलं, तर त्यातला भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तातून स्नायूत, डोळ्यात, मेंदूत जातो आणि तिथे सिस्टिसर्कस बनतो. म्हणजे माणूस डुकराच्या जागी, इंटरमिजिएट होस्ट. ही अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. पट्टकृमी असलेल्या कुणाच्या तरी न धुतलेल्या हातातून, नाहीतर कच्च्या भाजीवरून. आमच्याकडे पोह्यांवर मूठभर कोथिंबीर पडते ती कच्चीच. त्या बाईला पोर्कची गरजच नव्हती.

म्हणून ओळ फोडली आणि होस्टच्या आधी नवा रकाना घातला: "तोंडात काय गेलं?" वरच्या ओळीत गेला सिस्टिसर्कस. तिथे स्टूलमध्ये अंडी किंवा कृमीचे तुकडे बघायचे. नुसत्या अंड्यांवरून सोलियम की गोमांसातून येणारा सॅजिनाटा हे कळत नाही, त्यासाठी तुकड्यातल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजायच्या: सोलियममध्ये साधारण 7 ते 13, सॅजिनाटात त्याहून जास्त. औषध एकच डोस, प्राझिक्वान्टेल दर किलोला 5 ते 10 मिलिग्रॅम किंवा निक्लोसामाइड 2 ग्रॅम. खालच्या ओळीत गेलं अंडं. तिथे रुग्णाचं स्टूल बहुतेकदा निगेटिव्ह येतं आणि त्यावरून काहीच नाकारता येत नाही. स्कॅनमध्ये गाठीच्या आत स्कोलेक्सचा, म्हणजे कृमीच्या डोक्याचा, ठिपका दिसला की निदान पक्कं. उपचारात आधी फिटचं औषध, मग स्टेरॉइडच्या आडोशाने अल्बेन्डाझोल, दर किलोला रोज 15 मिलिग्रॅम, दोन भागांत. स्टेरॉइड कशाला? कृमी मरताना सूज येते आणि फिट वाढू शकतात. त्याच भीतीपोटी डोळे आधी तपासून घ्यायचे. गाठ कॅल्सिफाय झाली असेल तर कृमी मेलेलाच असतो. तिथे अल्बेन्डाझोलचा रकाना रिकामा, फिटचं औषध मात्र लागू शकतं. समासात लाल पेनाने एक ओळ वाढवली: घरातल्या बाकीच्यांचं स्टूल तपासा.

मग नियमच केला. तिरकी रेघ दिसली की ओळ फोडायची. इकायनोकॉकसला फोडावी लागली नाही, कारण त्याचा प्रौढ कृमी कुत्र्यात राहतो, माणसात फक्त सिस्ट. स्टूल खोडून टाकलं. व्हायव्हॅक्स मलेरियाला मात्र फोडावी लागली. डास चावला तर स्पोरोझोइट शिरतात, यकृतात हिप्नोझोइट लपतात, म्हणून क्लोरोक्वीनच्या जोडीला 14 दिवस प्रायमाक्वीन. रक्त चढवण्यातून झाला तर थेट रक्तातल्या अवस्था शिरतात, यकृताचा टप्पाच नाही, म्हणून प्रायमाक्वीनही नाही. हे मी आधी दोनदा पाठ केलं होतं आणि दोनदा विसरले होते.

एका पानाची तीन पानं झाली. रूममेट झेरॉक्स काढायला घेऊन गेली आणि पाच मिनिटांत परत. "स्ट्राँगिलॉइडिसला काय लिहिलंयस? त्वचेतून/आतड्यातूनच?"

पेन काढलं. ती ओळ राहिलीच होती.