एलसीआर सिरीज सर्किट: फेज आधी मोजा, रेझोनन्स आपोआप सापडतो

मी जोडलेलं सर्किट साधंच होतं: 100 ओहमचा रेझिस्टर, 10 मिलिहेन्रीची कॉइल, 0.1 मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर आणि फंक्शन जनरेटर. मल्टिमीटरवर कॉइलचा रेझिस्टन्स 20 ओहम आला आणि कपॅसिटर प्रत्यक्षात 0.108 मायक्रोफॅरडचा निघाला. गणितात मी हेच आकडे धरले, छापील नाहीत.

जोडणीत एकच पथ्य कडक पाळायचं: रेझिस्टर शेवटी, ग्राउंडच्या बाजूला. ऑसिलोस्कोपच्या दोन्ही चॅनेलचं ग्राउंड आतून एकच असतं. रेझिस्टर मध्ये ठेवून त्याच्या दोन टोकांना प्रोब लावला, तर क्लिप पुढचा घटक शॉर्ट करते. सिग्नल दिसत राहतो, पण तो वेगळ्याच सर्किटचा असतो. पहिला चॅनेल पूर्ण सर्किटवर आणि दुसरा रेझिस्टरवर लावला. रेझिस्टरवरचं व्होल्टेज करंटच्याच फेजमध्ये असतं, त्यामुळे दुसरा चॅनेल म्हणजे करंटच.

4 किलोहर्ट्झला एक आवर्तन 250 मायक्रोसेकंदांचं. करंटची लाट व्होल्टेजच्या 31 मायक्रोसेकंद आधी शून्य ओलांडत होती, म्हणजे फेज 31 ÷ 250 × 360, जवळपास 45 अंश. स्क्रीनवर डावीकडे दिसतं ते आधी घडलेलं असतं; इथे हमखास उलटं वाचलं जातं. करंट पुढे असेल तर कपॅसिटरचा जोर जास्त, आणि रेझोनन्स अजून वरच्या वारंवारितेला आहे.

इंपीडन्ससाठी दोन्ही चॅनेलच्या व्होल्टेजचं गुणोत्तर काढून 100 ने गुणलं. ते 1.68 आलं, म्हणजे 168 ओहम. पडताळा असा: त्या वारंवारितेला XL 251 आणि XC 368 ओहम, फरक 117. रेझिस्टर आणि कॉइल मिळून 120 ओहम.

Z = √(120² + 117²) ≈ 168

120 ऐवजी नुसते 100 धरले असते, तर उत्तर 154 आलं असतं.

रेझोनन्स शोधताना बरेच जण करंटचं शिखर बघतात. या सर्किटचा Q जेमतेम अडीच, त्यामुळे शिखर बोथट असतं. 100 हर्ट्झ चुकलं तरी करंट अर्ध्या टक्क्यानेच कमी होतो, फेज मात्र 6 अंशांनी सरकते. शिवाय जनरेटरच्या आतले 50 ओहम असतातच. रेझोनन्सला सर्किट जास्त करंट ओढतं, म्हणून सर्किटवरचं व्होल्टेजही खाली बसतं आणि शिखर आणखी चपटं दिसतं. म्हणून मी ऑसिलोस्कोप एक्स-वाय मोडवर टाकला आणि लंबवर्तुळ मिटून तिरकी रेघ होईपर्यंत वारंवारिता हळूहळू वाढवली. रेघ 4.84 किलोहर्ट्झला जमली, मोजलेल्या किमतींच्या सूत्राशी जुळणारी. छापील 0.1 धरला तर सूत्र 5.03 सांगतं.

त्याच जागी व्होल्टेजचं गुणोत्तर 1.2 आलं, म्हणजे कॉइलचे 20 ओहम पुन्हा मिळाले. फेराइट कोअरच्या कॉइलला हा आकडा मल्टिमीटरपेक्षा जास्त येऊ शकतो, कारण कोअरमधली हानी डीसीला दिसत नाही. तिथे गणितात रेझोनन्सला मिळालेला आकडा धरावा.