माजघराच्या भिंतीचे थर: पानशेतच्या गाळापर्यंत

नारायण पेठेतल्या नदीकाठच्या वाड्यात माजघराची भिंत आता वरच्या तेलरंगापासून मातीच्या गिलाव्यापर्यंत उघडून झाली आहे. चाचणीसाठी फडताळामागची जागा घेतली, कारण तिथे कुणाची घासपूस झालेली नसते.

दोन-दोन सेंटीमीटरचे चौकोन ओळीने आखायचे. पहिल्याला हात लावायचा नाही, दुसऱ्यातला एक थर काढायचा, तिसऱ्यातले दोन, असं पायरीपायरीने खाली जायचं. पातं जवळजवळ आडवं धरलं की पापुद्रा नीट सुटतो. उभं धरलं तर दोन थर एकदम जातात. तेलरंग कोरडा घासू नका. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं, म्हणून तो ओला ठेवूनच खरवडायचा आणि मास्क लावायचा.

थर मोजताना घोटाळा होतो तो इथेच: एका सफेदीचे दोन हात म्हणजे दोन पिढ्या नव्हेत. भिंगातून सांधा बघा. स्वच्छ असेल तर काम एकाच वेळचं. मध्ये काजळीची करडी रेघ असेल तर त्या रंगासमोर माणसं राहिली, दिवे जळले.

सगळ्यात जुन्या पांढऱ्या थरांवर चुन्यात नीळ घालून दिलेला निळा हात आहे. त्याचा कण काचेवर घेऊन फेस थांबेपर्यंत व्हिनेगर टाकत राहायचं, कारण आधी चुनाच आम्ल खातो. मग निळा हळूहळू विरला तर ती कारखान्यातली नीळ, म्हणजे १८२८ नंतरची. इथे विरला. त्याखालचं सगळं पेशवाईतलंच, असं मात्र यावरून म्हणता येत नाही.

खरी पक्की तारीख गाळ देतो. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हाच्या पाण्याची तपकिरी साय निळ्या रंगावर बसली आहे. ओलीचा डाग वरच्या कडेला लाटांसारखा असतो आणि तिथे लोणा फुटतो. पुराची रेघ सपाट असते. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून पाहिलं, चारही भिंतींवर रेघ एकाच पातळीत आली.

गाळावर डावीकडे पिस्ता तेलरंग, उजवीकडे गुलाबी डिस्टेंपर, आणि मध्ये चार बोटं रुंदीची उभी पट्टी, खिळ्यांच्या भोकांसकट. या पट्टीत दोन्ही रंग नाहीत आणि गाळही नाही, फक्त कडांना केसाएवढा शिरलेला आहे. म्हणजे पूर आला तेव्हा इथे लाकडी पार्टिशनचा खांब भिंतीला टेकून उभा होता. निळ्या रंगात एकत्र असलेलं माजघर पुराआधीच दोन बिऱ्हाडांत वाटलं गेलं होतं, आणि चिखल धुतल्यावर ज्याने त्याने आपापली बाजू रंगवली. पिस्ता रंगाला फोड आले आहेत, बहुधा आत मुरलेली ओल तेलरंगाखाली कोंडल्यामुळे. डिस्टेंपरमधून ती निघून गेली असावी.

आता समोरच्या भिंतीवर पार्टिशनचं दुसरं टोक शोधायचं आहे. तिथल्या पट्टीत गाळ सापडला तर खांबाचा हा निष्कर्ष पुन्हा तपासावा लागेल.