एकसष्ट आणि चार

त्या सोमवारी हिवतापाच्या साप्ताहिक तक्त्यात दोन ओळी लागोपाठ आल्या होत्या. एका भागात ६१ रुग्ण, शेजारच्या भागात ४. रोगसर्वेक्षणाचं काम करताना असे तक्ते दर आठवड्याला माझ्यासमोर येतात. तो तक्ता आरोग्याच्या बातम्या करणाऱ्या एका पत्रकार मैत्रिणीपर्यंतही पोचला होता. तिने फोन केला तो मथळा ठरवूनच. "एकसष्ट म्हणजे साथच ना गं?"

"साथ आहे," मी म्हणाले, "पण चारच्या ओळीत."

ती गप्प झाली. मग मी तिला आमची वही वाचून दाखवली. ६१च्या भागात मागच्या पाच वर्षांत याच आठवड्यात ४८, ५२, ५५, ६६ आणि ७१ रुग्ण होते. चढत्या क्रमाने लावले की मधला आकडा ५५, आणि चौथा ६६. हा चौथा आकडा म्हणजे आमची इशाऱ्याची रेघ. ६१ तिच्या खाली आहे. त्या भागात हिवताप वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे आणि पावसानंतर दरवर्षी एवढाच वर चढतो. याला एंडेमिक म्हणतात, मराठीत प्रदेशनिष्ठ. शेजारच्या भागात त्याच पाच वर्षांत या आठवड्यात एकही रुग्ण नव्हता. तिथे चार म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त, आणि साथ या शब्दाचा अर्थ तेवढाच आहे. किती रुग्ण झाले की साथ म्हणायची, असा सगळीकडे चालणारा आकडा नाही.

ही रेघ आखताना चूक होऊ शकते. त्या पहिल्या भागात मध्यंतरी एका वर्षी खरीच साथ आली होती आणि याच आठवड्यात १४० रुग्ण सापडले होते. ते वर्ष वगळून आम्ही त्याच्या आधीचं धरलं होतं. नाहीतर रेघ वर सरकते आणि पुढची साथ तिच्याखाली लपून जाते. शिवाय रक्ताचे नमुने दुप्पट तपासले तर रुग्णही जास्त सापडतात. म्हणून नमुने किती घेतले तेही पाहिलं. नेहमीइतकेच होते.

दुपार सगळी त्या चौघांवर गेली. ते चौघेही बाहेरून ताप घेऊन आले असते तर तिथला डास अजून निर्दोष होता. चौघांनाही फाल्सिपेरम जातीचाच हिवताप होता. मी तपासणीची तारीख बाजूला ठेवून प्रत्येकाला ताप कधी चढला ते विचारून घेतलं, कारण तपासणी कधी होते हे माणूस दवाखान्यात कधी पोचतो त्यावर असतं. पहिला रुग्ण हिवतापाच्या भागात काम करून परतला होता. घरीच अंगावर काढल्यामुळे त्याची तपासणी फार उशिरा झाली. उरलेले तिघे महिनोन्‌महिने कुठेही गेलेले नव्हते, आणि त्यांचा ताप पहिल्याच्या तापानंतर साधारण पाच आठवड्यांनी सुरू झालेला.

हे अंतर पाहून मला धस्स झालं. ताप आल्यावर रुग्णाच्या रक्तात डासाला लागण करू शकणारी अवस्था तयार व्हायला दहाएक दिवस लागतात. मग डासाच्या पोटात दहा दिवस किंवा थोडे जास्त. चावल्यानंतर नव्या माणसाला ताप यायला आणखी नऊ ते चौदा. बेरीज महिन्याच्या आसपास येते. म्हणजे हिवताप तिथल्या डासांत शिरला होता.

संध्याकाळी मैत्रिणीचा पुन्हा फोन आला. "मग एकसष्टची बातमीच नाही? एंडेमिक म्हणजे काळजीचं कारण नाही?"

या प्रश्नावर माझा आवाज चढला, हे कबूल करते. २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, बहुतेक सगळी तो कायम मुक्कामाला असलेल्या प्रदेशांत. एंडेमिक हा शब्द रोग अपेक्षेइतका आहे एवढंच सांगतो. तो सौम्य आहे, असं नाही. महासाथ हा शब्दही फैलावाचाच आहे. २००९ चा एच१एन१ फ्लू आणि २०२० चा कोविड दोन्ही महासाथी होत्या, कारण दोन्ही देशोदेशी पसरले; मृत्यूंच्या संख्येत मात्र त्यांची तुलनाच होत नाही. तो एच१एन१ आज नेहमीच्या हंगामी फ्लूत मिसळून गेला आहे आणि अजूनही माणसं मारतो.

तिने मथळा बदलला. बातमीत चारचा भाग वर आला आणि ६१च्या भागासाठी तिने वेगळी जागा मागून घेतली, दरवर्षी तिथे एवढे रुग्ण का होतात यासाठी.

पुढच्या आठवड्यात चारच्या ओळीत शून्य आलं. फवारणी आणि घरोघरची रक्ततपासणी सुरू झाली होती, तरी मी फाइल उघडीच ठेवली. त्या तिघांपासून एखाद्या डासाने आजार उचललाच असेल, तर तो ताप दिसायला अजून तीन आठवडे होते.