दोन बाथरूम, 8 पाईप की 11? अर्ध्या इंचाच्या लाईनची मोजणी

फ्लॅटच्या दोन्ही बाथरूममधल्या पाण्याच्या सीपीव्हीसी पाईपांची मोजणी या आठवड्यात पुरी झाली. दोन्ही आरशातल्यासारखी सारखी आहेत, म्हणून एकच मोजून दुप्पट केली. आजची नोंद फक्त अर्ध्या इंची पाईपची. पाऊण इंची गार लाईन आणि डक्टचा भाग पुढच्या वेळी.

नकाशावर आडवं अंतर दिसतं, उभं दिसत नाही. आणि अर्ध्या इंचाचा बहुतेक पाईप उभाच जातो. लाईन 2.1 मीटरवर धरली आणि प्रत्येक पॉइंटची उंची वजा केली. कमोडचा कॉक 25 सेंटिमीटरवर, म्हणजे 1.85 मीटर पाईप. बेसिनला गार-गरम प्रत्येकी 1.55, बादलीच्या नळाला 1.4, वॉल मिक्सरला 1.1 चे दोन, गीझरला 0.3 चे दोन. शिवाय गरम लाईन आडवी: 1.0 आणि 1.4. एका बाथरूमला 11.55 मीटर, दोन्हींना 23.1.

दुकानात पाईप 3 मीटरचा मिळतो. 23.1 ला 3 ने भागलं की 7.7, म्हणजे 8 येतात, पण ते तुकडे 8 पाइपांत बसतात का, हे मांडून बघायला हवं. मी लांब तुकडा आधी घेऊन जोड्या लावल्या: 1.85 सोबत 1.1, 1.55 सोबत 1.4, अशी दोनदा. तिन्ही बेरजा 2.95. उरलेले 1.1, 1.0 आणि 0.3 चे दोन मिळून 2.7. अशा रीतीने एका बाथरूमला 4, दोन्हींना बरोबर 8 पाईप, वाया 90 सेंटिमीटर. मग मुद्दाम उलटं केलं, छोटे तुकडे आधी कापले. शेवटी 1.55 आणि 1.85 चे तुकडे उरले, आणि 1.55 चे दोन एका पाईपमध्ये 10 सेंटिमीटरने बसत नाहीत. एकेकाला नवा पाईप लागला आणि एकूण 11 झाले! म्हणून सरसकट 10 टक्के जास्त न धरता कापणीची यादी करावी, असं माझं ठाम मत झालंय. मी 9 घेतोय, एक चुकीसाठी. मापं फिटिंगच्या मध्यापासून मध्यापर्यंतची आहेत, त्यामुळे खरा तुकडा थोडा आखूडच निघतो. 5 सेंटिमीटरच्या शिल्लकीची भीती वाटत नाही ती यामुळेच.

फिटिंगमध्ये पितळी चुडीचे एल्बो 16, प्रत्येक पॉइंटला एक. साधे एल्बो 4, टी 2. गरम लाईन गार लाईनच्या वरून नेल्यामुळे तिच्या तीनही उतरण्या गार लाईन ओलांडतात. तिथले 6 स्टेप ओव्हर बेंड पहिल्या मोजणीत राहिले होते. जास्तीचं किती, हे मी जोडाच्या स्वभावावरून ठरवलं. सिमेंट लावलेला जोड सुटत नाही. टी चुकली की ती कापून काढायची, नवी टी आणि दोन कपलर टाकायचे. म्हणून कपलर 4, साधे एल्बो आणि टी दोन-दोन जास्त. पितळी एल्बो महाग, त्यामुळे तो एकच जास्त. दुकानदाराने न वापरलेला परत घ्यायचं कबूल केलंय.