कांद्याचे खांब का चिकटतात?

‘दोन्हीकडे उभे खांबच असतात, मग हिस्टोग्राममध्ये ते चिकटलेले आणि बार चार्टमध्ये सुटे का?’

खांबांकडे नंतर बघू, आधी खालच्या आडव्या रेषेवर काय लिहिलंय ते वाचा. लासलगाव, पिंपळगाव, येवला, सिन्नर अशी नावं असली आणि वर प्रत्येक ठिकाणची कांद्याची आवक असली, तर तो बार चार्ट. येवला आधी काढा, सिन्नर मागे न्या, काही बिघडत नाही. लासलगाव आणि पिंपळगाव यांच्या ‘मधला’ बाजार असं काही मोजमाप नसतं, म्हणून दोन खांबांमध्ये मोकळी जागा.

आता एकाच ढिगातले ५० कांदे घेऊन त्यांचा व्यास कॅलिपरने मोजला असं धरा. ३५ ते ४५ मिलिमीटरमध्ये ८ कांदे निघाले, ४५ ते ५५ मध्ये २२, ५५ ते ६५ मध्ये १४, ६५ ते ७५ मध्ये ४ आणि ७५ ते ८५ मध्ये २. इथे खालची रेषा म्हणजे मोजपट्टीच आहे. ४५ ला पहिला गट संपतो आणि त्याच ठिकाणी दुसरा सुरू होतो; नेमका ४५ चा कांदा दुसऱ्या गटात टाकायचा, हे आधीच ठरवून घ्यायचं. मध्ये फट ठेवली तर ‘या मापाचा कांदा निघालाच नाही’ असं आपण सांगितल्यासारखं होतं. हिस्टोग्राममध्ये फट दिसावी ती एखादा गट खरोखर रिकामा असेल तेव्हाच.

गोंधळ होतो तो गट ३५–४४, ४५–५४ असे लिहिलेले असतात तेव्हा. ४४ आणि ४५ मध्ये एकाची फट दिसते खरी, पण मापं जवळच्या पूर्ण मिलिमीटरला धरलेली असतील तर ४४.३ चा कांदा ४४ म्हणून आणि ४४.७ चा ४५ म्हणून नोंदला गेलाय. म्हणजे खरी सीमा ४४.५. शाळेत आयतालेख म्हणजे हिस्टोग्राम काढण्याआधी ०.५ वजा करायला आणि मिळवायला लावतात, ते एवढ्यासाठीच. (कारण न सांगता लावतात, ही माझी जुनी तक्रार आहे.)

एक्सेलमध्ये साध्या बार चार्टची फट शून्य केली की झाला हिस्टोग्राम, असं बरेच जण समजतात. बाजारांची नावं तशीच ठेवून खांब चिकटवले तरी तो बार चार्टच राहतो. शिवाय हिस्टोग्राममध्ये संख्या उंचीत नसून क्षेत्रफळात असते. शेवटचे दोन गट एकत्र करून ६५ ते ८५ केला तर त्यात ६ कांदे येतात. पण खांब आता दुप्पट रुंद झाला, आणि ६ उंचीचा काढला तर डोळ्याला १२ कांद्यांएवढा दिसेल. त्याची उंची ३ हवी, म्हणजे दर १० मिलिमीटरमागे ३ कांदे. अशा वेळी उभ्या रेषेवरही नुसतं ‘कांद्यांची संख्या’ न लिहिता ‘दर १० मिलिमीटरमागे कांदे’ असं लिहावं लागतं.