जसाच्या तसा वाचावा

"ताई, तुमचा परिचय तुम्हीच लिहून का पाठवता? आमचे निवेदक करतील की. आणि वर 'जसाच्या तसा वाचावा' कशाला?"

बारा जानेवारी जवळ आली की मंडळांचे, शाळांचे फोन सुरू होतात. विषय १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ, हे ठरलेलंच. हॉल ठरतो, वेळ ठरते आणि मग हे येतं. सूर असा, की बाईंना स्वतःचं कौतुक स्वतःच करायची हौस दिसते. तर एकदाच सांगते.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात, संस्थेचं नाव सोडा, निवेदनाला कॉलेजातली एक मुलगी होती. माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. संयोजकांनी कुठल्याशा जुन्या स्मरणिकेतून माझी माहिती उतरवली आणि कार्यक्रम सुरू होताना तो कागद तिच्या हातात दिला. मुलगी वाचत छान होती. शिक्षण, नोकरी, सत्कार, सगळं झालं. शेवटी तिने वाचलं, "या वाटचालीत त्यांना त्यांच्या यजमानांचं मोलाचं सहकार्य लाभत आहे." हे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुढच्या रांगांमधले निम्मे लोक घरी भेटून गेलेले. ते एकदम खाली बघायला लागले. मागच्यांनी रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या. आणि मी माईकसमोर. मे १९३० मधल्या गोळीबारावरचं माझं पहिलं वाक्य मी म्हटलं खरं, पण पुढच्या रांगांना ते ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. मलाच नीट ऐकू आलं नाही. नंतर ती मुलगी विचारत आली, "मॅम, बरं झालं ना?" मी म्हटलं, छान झालं. तिने हातातलं वाचलं होतं, आणखी काय करणार होती ती?

निवेदकाला वक्ता माहीत नसतो, कागद माहीत असतो. म्हणून आता माझ्याकडून हा जातो:

"आजच्या वक्त्या आपल्या सोलापूरच्याच, पूर्व भागातल्या. त्यांचे वडील जेकार्ड मागावर चादरी विणायचे. शाळेत इतिहास शिकवताना मार्शल लॉ चार ओळींत संपतो, हे त्यांना खटकलं. म्हणून त्यांनी जुन्या गिरणी कामगारांच्या आठवणी उतरवून घेतल्या. एकोणीसशे तीसच्या मे महिन्यात सोलापूरच्या घराघरांत काय चाललं होतं, ते आज त्या सांगणार आहेत. ऐकू या…"

आणि मग नाव. नाव शेवटी, कारण टाळी नावावर पडते. ते आधी घेतलं की टाळी तिथेच पडून जाते आणि पुढचं सगळं खुर्च्यांच्या आवाजात बुडतं. साल अक्षरांत, कारण आकडे दिसले की वाचणारा क्षणभर थांबतो. "मी"ऐवजी "त्या", कारण एका निवेदकाने "मी निवृत्त शिक्षिका आहे" असं भारदस्त पुरुषी आवाजात वाचलेलं मी ऐकलंय. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. मोठ्याने वाचून, घड्याळ लावून बघितलंय. जिथे श्वास संपतो तिथे वाक्यही संपवलंय.

काय नाही, तेही बघा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे ही नावं त्यात नाहीत. घाईत चारातलं एक राहून गेलं तर सोलापुरात ते कुणी विसरत नाही. ती मी घेईन. या चौघांची १२ जानेवारी १९३१ ची येरवड्यातली फाशीही नाही. माझं भाषण तिथे जाऊन थांबतं. ते निवेदकाने आधीच सांगितलं तर मी तासभर काय करू?

फाइल पीडीएफ पाठवते आणि तोच मजकूर मेसेजमध्येही टाकते, कारण जुन्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात.

आता खरं बोलायचं तर सगळं काही निवेदकाच्या सोयीसाठी नाही. पूर्वी मी स्वतःच अशा लोकांना नावं ठेवायची. तीच पूर्वीची मी आता विचारते, वडिलांच्या चादरी कशाला? पूर्व भागात त्यावर माना डोलतात म्हणूनच ना? डोलतात, हो. पण मागाच्या खडखडाटात वाढलेल्या बाईकडून गिरणीची गोष्ट लोक वेगळ्या कानांनी ऐकतात, हेही खोटं नाही. तिला ते पटत नाही. मलाही रोज पटतंच असं नाही.

आणि ह्यांचं नाव. सहकार्य "लाभलं" असं लिहिलं तर ते खरंच होईल. पण मग मी तोंड उघडायच्या आधीच हॉल हळहळेल, ते मला नको. सासूबाई म्हणतात, नाव तरी घाल त्याचं. यंदाच्या मजकुरातही घातलेलं नाही. उद्या पाठवते. प्रिंट मोठ्या टाइपात काढा आणि वाचणाऱ्याला आदल्या दिवशीच द्या.