आजी मगाच्या पाठीमागे गेली असती

गिरगावातली एक मुलगी सकाळीच दुकानात आली. दुसऱ्या दिवशी तिच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. "काका, आजीसाठी मग आणि कुशन करायचंय. हा फोटो मगावर पूर्ण गोल येऊ दे, आजी बरोब्बर मध्ये." फोटो चौपाटीवरचा, घरातली नऊ माणसं, मधोमध आजी आणि तिच्या मांडीवर पणती.

फाइलच्या नावात WA दिसलं तेव्हाच कळलं की फोटो व्हॉट्सॲपवरून फिरून आलाय. उघडला तर 1600 बाय 1200 पिक्सेल. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करतं. स्क्रीनवर तो छान दिसतो, म्हणून गिऱ्हाइकाला शंकाच येत नाही. ज्याने फोटो काढला त्या मामाकडून तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवायला सांगितलं. दहा मिनिटांत मूळ फाइल आली, 4000 बाय 3000.

पण खरी अडचण वेगळी होती. आमचा नेहमीचा अकरा औंसांचा मग 8.2 सेंमी व्यासाचा, म्हणजे घेर पावणेसव्वीस सेंमी. कानाजवळची जागा सोडून छापायला साधारण 20 बाय 9 सेंमीची पट्टी मिळते. चार-तीन प्रमाणातला फोटो त्या पट्टीत भरायचा तर 3000 पैकी 1800 पिक्सेलच उंची उरते. म्हणजे मागच्या रांगेची डोकी तरी जाणार, नाही तर पुढे बसलेली पोरं तरी.

शिवाय पट्टीचा मध्य येतो कानाच्या अगदी विरुद्ध बाजूला. उजव्या हाताने मग धरला की पिणाऱ्याला दिसतो पट्टीचा उजवा भाग, समोर बसलेल्याला डावा. मधला भाग दोघांच्याही नजरेतून निसटतो. आजीला स्वतःचा आणि पणतीचा चेहरा बघायला मग फिरवावा लागला असता.

हे तोंडी सांगून पटत नाही. म्हणून तिच्या मनासारखी पट्टी साध्या कागदावर खऱ्या मापात छापली, कोऱ्या मगाला गुंडाळून टेप लावला आणि मग तिच्या उजव्या हातात दिला. तिला दिसले ते उजवीकडचे दोन काका आणि अर्धी मामी. "अय्या, आजी तर पलीकडे गेली!"

मग पट्टीचे दोन भाग केले. उजवीकडे आजी आणि पणती, 8 सेंमीचा चौकोन. मूळ फाइलमध्ये तेवढा भाग साधारण 1000 पिक्सेलचा निघाला. 8 सेंमी म्हणजे 3.15 इंच, तेव्हा इंचाला 317 पिक्सेल मिळाले. मगासाठी आम्ही 300 धरतो. व्हॉट्सॲपवाल्या फाइलमधून हाच भाग 400 पिक्सेलचा आला असता, इंचाला 127, आणि पापण्यांच्या जागी नुसता डाग दिसला असता. ॲपमध्ये 'साइझ वाढवून' आणलेल्या फाइलचंही असंच होतं. पिक्सेल वाढलेले दिसतात, पण गेलेला तपशील परत येत नाही. फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून डोळे बघावेत, लगेच समजतं.

डावीकडे सगळ्यांचा फोटो, 9 सेंमी रुंद, न कापता. गोलाईवर मधल्या 6 सेंमीतले चेहरे जवळजवळ जसेच्या तसे दिसतात, त्यापुढे ते अरुंद होत जातात. 9 सेंमीच्या टोकाशी चेहरा निम्म्याहून कमी रुंद वाटतो. नशिबाने फोटोत दोन्ही कडांना समुद्र होता, त्यामुळे शेवटची माणसं मध्यापासून साडेतीन सेंमीच्या आसपास राहिली. बारीक दिसली, पण ओळखू येत होती. वर-खाली अर्धा सेंमी मोकळा ठेवला, कारण काठाजवळ मग किंचित वळतो, तिथे हीटरचा दाब नीट बसत नाही आणि रंग फिका पडतो. दुसरा कागद गुंडाळून तिने पुन्हा हातात धरून बघितला, मगच सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णतेने कागदावरून मगावर उतरणाऱ्या शाईचा, प्रिंट उलटा करून काढला.

कुशनसाठीही तिला आजी-पणतीचाच तुकडा हवा होता. तो मात्र मी घेतला नाही. 40 सेंमीच्या कापडावर 1000 पिक्सेल ताणले तर इंचाला जेमतेम 63 पडतात. कापडाच्या विणीत थोडं खपून जातं, 150 असले तरी चालतं, पण 63 नाही. तिथे पूर्ण फोटो घेतला, 36 सेंमी रुंद, वर-खाली फोटोतल्या वाळूच्या रंगाची पट्टी. चौकोनी कापला असता तर टोकाची माणसं खांद्यापाशी तुटली असती, आणि कापूस भरल्यावर कडा मागे वळतात त्यात उरलेलीही गेली असती. आता शेवटच्या माणसापासून शिवणीपर्यंत पाच सेंमीहून जास्त जागा राहिली.